एकाच बाटलीतले दोन पेग: सांगलीतल्या एका जोडप्याचं यकृत-प्रकरण

(ओळख पटू नये म्हणून नाव, व्यवसाय आणि काही तपशील बदलले आहेत.)

पार्श्वभूमी

सुमनताई ४७ वर्षांच्या. राहायला सांगलीत. यजमानांचा बेदाण्याचा व्यापार, मुलगा पुण्यात नोकरीला, मुलीचं लग्न झालेलं. उंची १५० सेंटिमीटर, वजन ५४ किलो, कमरेचा घेर ८४ सेंटिमीटर. मधुमेह नाही, पण एचबीए१सी ६.१, म्हणजे उंबरठ्यावर.

दोन वर्षं पाळीच्या वेळी अंगावरून फार जात होतं. गर्भाशयात गाठी निघाल्या आणि पिशवी काढायचं ठरलं. ऑपरेशनच्या आधी नेहमीच्या रक्ततपासण्या झाल्या तेव्हा हिमोग्लोबिन ९.४ आलं, त्याचं कुणाला नवल वाटलं नाही. नवल होतं ते यकृताच्या रकान्यात, यकृताला इजा झाली की रक्तात वाढणाऱ्या विकरांच्या आकड्यांत. एसजीओटी ८८, एसजीपीटी ४७, जीजीटी १८६. प्लेटलेट १ लाख ६८ हजार. बिलिरुबिन, अल्ब्युमिन आणि रक्त गोठण्याची तपासणी मात्र ठीक होती. म्हणजे यकृत काम करत होतं, पण त्याला कशाचा तरी मार बसत होता.

भूल देणाऱ्या डॉक्टरांनी ऑपरेशन थांबवलं आणि त्यांना मिरजेतल्या पोटविकार तज्ज्ञांकडे पाठवलं.

नेमकं काय अडलं होतं

पहिल्या भेटीत यजमान सोबत होते. दारूचा प्रश्न डॉक्टरांनी विचारला तो सवयीने त्यांच्याकडे बघून. ते म्हणाले, “मी घेतो थोडी, ही नाही.” सुमनताई गप्प राहिल्या. कागदावर ‘मद्यपान नाही’ असं लिहिलं गेलं आणि त्या एका ओळीने पुढचे दहा दिवस वेगळ्याच वाटेवर गेले.

दारू नाही म्हटल्यावर चाळीशीतल्या बाईच्या यकृताला सूज का, याची यादी वेगळी होते. कावीळ बी आणि सी निगेटिव्ह आल्या. मग शरीराची स्वतःचीच प्रतिकारशक्ती यकृतावर उलटते तो आजार मनात आला, कारण तो बायकांमध्ये जास्त दिसतो. त्याच्या तपासणीत एएनए १:८० असं पुसट पॉझिटिव्ह आलं. शिवाय करोनाच्या काळापासून त्या रोज सकाळी गुळवेलीचा काढा घेत होत्या, आणि गुळवेलीमुळेही नेमका असाच, प्रतिकारशक्ती उलटल्यासारखा यकृतदाह झाल्याची उदाहरणं भारतात नोंदली गेली आहेत. दोन्ही धागे एकाच दिशेला ओढत होते. बायोप्सी करून स्टेरॉइड सुरू करायची भाषा झाली.

पण रिपोर्टमधली एक गोष्ट या चित्रात बसत नव्हती. त्या आजारात आणि औषधाच्या बाधेतही बहुधा एसजीपीटी जास्त वाढतं. इथे एसजीओटी जवळजवळ दुप्पट होतं आणि जीजीटी त्याहून वर. ही दारूची खूण आहे. दारूने पेशीतली ऊर्जाकेंद्रं फुटतात, त्यातून एसजीओटी रक्तात येतं. आणि पिणाऱ्याच्या शरीरात बी-६ जीवनसत्त्व कमी पडतं, त्यामुळे एसजीपीटी दबलेलंच राहतं. दुसरी नेहमीची खूण म्हणजे तांबड्या पेशींचा आकार. पिणाऱ्यांमध्ये तो वाढतो. सुमनताईंचा आकार अगदी सरासरी होता, म्हणून आधी तिकडे लक्ष गेलं नाही. नंतर उलगडा झाला. पाळीतल्या रक्तस्रावाने लोह कमी झालं की पेशी लहान होतात, दारूने त्या मोठ्या होतात, आणि दोन्ही एकत्र आलं की सरासरी मधोमध पडते. पाळी सुरू असलेल्या बाईत ही खूण अशी पुसली जाऊ शकते, हे ध्यानात ठेवायला हवं.

दुसऱ्या भेटीत डॉक्टरांनी यजमानांना केसपेपर आणायला पाठवलं आणि सिस्टरांनी सुमनताईंशी एकटीला गाठून बोलणं केलं. “घेता का?” असं न विचारता त्यांनी विचारलं, “संध्याकाळी यजमान बसतात तेव्हा तुम्ही त्यांच्यासोबत किती घेता?” उत्तर लगेच आलं. “त्यांच्याइतकंच. एक पेग. रोजच असतंय म्हणा, पण एकच.” नऊ वर्षं, मुलगी सासरी गेल्यापासून.

एक पेग म्हणजे किती

‘एक पेग’ या शब्दावर डॉक्टर थांबले नाहीत. घरी खंबा किती दिवसांनी आणावा लागतो, हे विचारलं. पाहुणे सोडून, दोघांतच दोन आठवड्यांत तीन खंबे संपत होते.

इथून हिशेब सरळ आहे. खंबा ७५० मिलिलिटरचा, त्यात ४२.८ टक्के अल्कोहोल. एक मिलिलिटर अल्कोहोलचं वजन ०.७८९ ग्रॅम. म्हणजे एका खंब्यात साधारण २५३ ग्रॅम शुद्ध अल्कोहोल. आठवड्याला दीड खंबा धरला तर ३८० ग्रॅम, दोघांत वाटून प्रत्येकी १९०. रोजचे झाले २७ ग्रॅम. साठचा म्हणून ओतला जाणारा पेग खरं तर ऐंशीचा होता. घरच्या जाड बुडाच्या ग्लासात नजरेने ओतलं की असंच होतं. पेग मोजण्यापेक्षा बाटल्या मोजणं म्हणूनच भरवशाचं.

२०२३ साली चरबीयुक्त यकृताच्या आजारांची जी नवी आंतरराष्ट्रीय वर्गवारी आली, तिच्यात स्त्रीसाठी आठवड्याला १४० ते ३५० ग्रॅम आणि पुरुषासाठी २१० ते ४२० ग्रॅम हा गट आहे: वजन-साखरेचा दोष आणि दारू, दोन्ही मिळून यकृत बिघडवत आहेत असा. १९० ग्रॅम ही रक्कम सुमनताईंना त्या गटात टाकते आणि त्यांच्या यजमानांना बाहेर ठेवते. बाटली तीच आणि ग्लासही तसेच.

यजमानांचीही तपासणी केली. एसजीओटी ३१, एसजीपीटी ३८, जीजीटी ५८. फायब्रोस्कॅनवर यकृताचा कडकपणा ५.२ किलोपास्कल, म्हणजे मऊ. सुमनताईंचा ११.६. व्रण बऱ्यापैकी पुढे गेल्याची शंका यावी असा. वय, एसजीओटी, एसजीपीटी आणि प्लेटलेट यांवरून काढतात तो फिब-फोर निर्देशांकही ३.६ आला, २.६७ च्या वर तो गेला की तज्ज्ञाने बघायला हवं.

यजमान खरोखरच गोंधळले होते. “दोघं सारखीच घेतो, मला काय झालं नाही, मग हिला कसं?”

सारखीच घेतली, तरी सारखी लागत नाही

दारू चरबीत फारशी शिरत नाही, शरीरातल्या पाण्यात मिसळते. पुरुषाच्या वजनात पाण्याचा वाटा सुमारे ५८ टक्के, बाईच्या वजनात ५० टक्क्यांच्या आसपास, कारण तिच्या शरीरात स्नायू कमी आणि चरबी जास्त. यजमान ७६ किलोंचे, म्हणजे त्यांच्याकडे साधारण ४४ लिटर पाणी. सुमनताईंकडे २७ लिटर. २७ ग्रॅम अल्कोहोल यजमानांच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ०.६ ग्रॅम होतं, सुमनताईंच्या पाण्यात १ ग्रॅम. तेवढीच चमचाभर साखर एकदा तांब्यात घातली आणि एकदा फुलपात्रात. यातला मोठा भाग वजनाचा आहे हे खरं, पण सगळा नाही: दोघंही ६५ किलोंची असती तरी तिच्या पाण्यातलं प्रमाण १५ ते १६ टक्क्यांनी जास्तच भरलं असतं.

आता पुढचा प्रश्न. रक्तात दाट झाली म्हणून यकृताला जास्त इजा का व्हावी? अल्कोहोलचा निचरा शेवटी यकृतच करणार, आणि बायकांचं यकृत हे काम काही हळू करत नाही. मेख अशी की यकृतात या कामाला दोन यंत्रणा आहेत. पहिली, अल्कोहोल डिहायड्रोजनेज हे विकर, थोड्या प्रमाणालाच पूर्ण वेगाने चालायला लागतं. त्याहून दाट अल्कोहोल आलं तर त्याला आणखी वेग घेता येत नाही. मग दुसरी वाट, सीवायपी२ई१ नावाचं विकर, जास्त कामाला लागतं. ही वाट मळकी आहे. तिच्यातून पेशींना जाळणारे ऑक्सिजनचे कण बाहेर पडतात, आणि रोज पिणाऱ्यात ही वाट दिवसेंदिवस रुंद होत जाते. शिवाय बाईचं यकृत आकाराने लहान. तेच २७ ग्रॅम थोड्या पेशींना वाटून घ्यावे लागतात. ॲसिटाल्डिहाइड हे विषारी मधलं रूप दोन्ही वाटांनी तयार होतंच.

या दुसऱ्या वाटेचा आणखी एक संबंध बायकांशी आहे. पॅरासिटामॉलचा काही भाग हेच विकर विषारी रूपात बदलतं. सुमनताई पाळीच्या दुखण्यावर चार-चार दिवस पॅरासिटामॉल असलेल्या जोडगोळ्या घेत होत्या, दिवसाला तीन-चार, आणि संध्याकाळी पेग. औषधांच्या यादीत त्या गोळ्या नव्हत्या, कारण ‘पाळीची गोळी’ हे औषध आहे असं त्यांच्या मनातच नव्हतं.

तिसरी गोष्ट जठराची. ते अल्कोहोल डिहायड्रोजनेज जठराच्या अस्तरातही असतं आणि दारू रक्तात जाण्याआधीच तिचा थोडा भाग तिथेच मोडतं. तरुण आणि मध्यमवयीन बायकांच्या जठरात त्याचं काम पुरुषांपेक्षा कमी असतं. १९९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका गाजलेल्या अभ्यासाने हे पुढे आणलं. पण या मुद्द्याला लोक गरजेपेक्षा जास्त भाव देतात. जठरात मोडला जाणारा हिस्सा एकूण मानाने छोटा असतो आणि पाण्याचा फरक त्याहून मोठा. या घरात मात्र जठराच्या मुद्द्याला वेगळं वजन होतं. यजमान बसत ते शेंगदाणे आणि चिवडा समोर घेऊन. सुमनताईंचा पेग ओट्याशी, भाकऱ्या थापताना व्हायचा, आणि जेवण सगळ्यांचं उरकल्यावर. पोट रिकामं असलं की दारू जठरात रेंगाळत नाही, थेट आतड्यात उतरून झपाट्याने रक्तात जाते. जठरातल्या विकराला जी थोडी संधी होती तीही जाते.

चौथं कारण आतड्यातून येतं. दारूने आतड्याचं अस्तर सैल होतं, जंतूंच्या कवचातलं विष यकृतात पोचतं आणि तिथल्या पहारेकरी पेशी भडकतात. इस्ट्रोजेन या भडकण्याला जोर देतं, असं मुख्यतः उंदरांवरच्या प्रयोगांत दिसलं आहे. माद्यांचे बीजकोश काढल्यावर त्यांच्या यकृताची इजा कमी झाली. माणसातला पुरावा एवढा थेट नाही, म्हणून रुग्णाला समजावताना यावर भर दिला नाही.

लोकांमध्ये हा फरक प्रत्यक्ष मोजलेला आहे. कोपनहेगनमध्ये हजारो नागरिकांवर बारा वर्षं नजर ठेवली, तेव्हा यकृताच्या आजाराचा धोका ठळकपणे वाढायला लागला तो बायकांमध्ये आठवड्याला ७ ते १३ पेयांपासून, पुरुषांमध्ये १४ ते २७ पेयांपासून. १९९६ साली हे प्रसिद्ध झालं. तिथलं एक पेय म्हणजे सुमारे १२ ग्रॅम. सुमनताईंचे १९० ग्रॅम म्हणजे जवळपास १६ पेयं.

समोर असलेले पर्याय

पहिला पर्याय, ठरलेलं ऑपरेशन उरकून घ्यायचं आणि यकृताचं नंतर बघायचं. यकृताचं काम ठीक असल्याने हे अशक्य नव्हतं. पण हिमोग्लोबिन ९.४ आणि यकृताची सूज चालू असताना, न घाईच्या ऑपरेशनला भूल देण्यात फायदा कुणाचाच नव्हता.

दुसरा, लगेच बायोप्सी. एएनएमुळे तिची मागणी होती. पण १:८० ही पातळी निरोगी माणसांतही सापडते, त्या आजारात वाढणारं आयजीजी हे प्रतिद्रव्य इथे वाढलेलं नव्हतं आणि त्या आजाराची दुसरी नेहमीची चाचणी निगेटिव्ह होती. म्हणून बायोप्सी रद्द न करता पुढे ढकलली, आणि कशावर करायची ते आधीच लिहून ठेवलं: दारू आणि काढा पूर्ण बंद करून सहा आठवड्यांनी एसजीओटी निम्म्यावर आलं नाही, तर बायोप्सी.

तिसरा पर्याय यजमानांनी सुचवला. “निम्मी करू द्या की.” हिशेबाने हे मोहात पाडणारं आहे. निम्मी म्हणजे आठवड्याला ९५ ग्रॅम, १४० च्या बरीच खाली. डॉक्टरांनी नकार देताना दोन कारणं सांगितली. १४० हा आकडा आजाराला नाव द्यायला आहे. ज्या यकृतात आधीच व्रण आहे त्याला तेवढी चालते असा त्याचा अर्थ नाही. आणि निम्मी केली तर रिपोर्ट थोडे सुधारतील, थोडे राहतील, मग कारण दारू होतं की आणखी काही, हे कधीच कळणार नाही. पूर्ण बंद केल्यावरच रक्त स्वच्छ उत्तर देतं.

काय केलं

दारू बंद. काढा बंद. दोन्ही एकदम थांबवल्याने गुळवेलीचा वाटा किती हे वेगळं काढता येणार नव्हतं, पण शंका असताना काढा चालू ठेवणंही योग्य नव्हतं.

सकाळी हात थरथरणं, घाम, झोप उडणं असं पूर्वी दारू न मिळालेल्या दिवशी कधी झालं होतं का, हे विचारून घेतलं. झालं नव्हतं, त्यामुळे झटक्यांची भीती कमी होती आणि झोपेच्या गोळ्या दिल्या नाहीत. थायमिन, म्हणजे बी-१ जीवनसत्त्व, रोज १०० मिलिग्रॅम सुरू केलं. पॅरासिटामॉल दिवसाला २ ग्रॅमच्या आत, जोडगोळ्या नाहीत. रक्तस्रावासाठी पाळीच्या दिवसांत ट्रानेक्सॅमिक ॲसिड आणि सोबत लोह. इस्ट्रोजेन असलेल्या गोळ्या मुद्दाम टाळल्या.

घरासाठी सूचना दोनच होत्या. बाटली घरात ठेवायची नाही, यजमानांसाठीसुद्धा. आणि संध्याकाळी साडेसहाला सुमनताईंनी आधी खायचं, मग स्वयंपाकाला लागायचं. ओट्याशी येणारी तलफ बरीचशी भुकेची होती, हे त्यांनीच दुसऱ्या आठवड्यात सांगितलं.

पुढे काय झालं

सहा आठवड्यांनी एसजीओटी ४४, एसजीपीटी ३३, जीजीटी ६२. प्लेटलेट २ लाख ५ हजार. निम्म्याची अट बरोबर काठावर पुरी झाली. बायोप्सी केली नाही, एएनए कागदावरच राहिलं.

चार महिन्यांनी एसजीओटी २९, एसजीपीटी २४, फिब-फोर १.३ च्या खाली. हिमोग्लोबिन ११.६. फायब्रोस्कॅन ८.४. हा आकडा वाचताना एक काळजी घ्यावी लागते: सूज असतानाही यकृत कडक लागतं, त्यामुळे ११.६ वरून ८.४ ही घसरण सगळी व्रण भरल्याची नव्हे, बरीचशी सूज उतरल्याची. पिशवीचं ऑपरेशन त्यानंतर झालं, काही गुंतागुंत न होता.

सातव्या महिन्यात जीजीटी पुन्हा ९४. यावेळीही सिस्टरांनी एकटीलाच विचारलं. मुलाच्या साखरपुड्याच्या गडबडीत तीन आठवडे पुन्हा सुरू झालं होतं, आणि त्यांनी ते सांगितलं. त्यावर कुणी रागावलं नाही, पुढची तपासणी फक्त तीन महिन्यांऐवजी सहा आठवड्यांवर घेतली. वर्षअखेर जीजीटी ३४ आणि कडकपणा ७.१.

कुठे वेगळं करता आलं असतं

सगळ्यात मोठी संधी दोन वर्षांपूर्वी गेली होती. गाठींसाठी केलेल्या सोनोग्राफीत ‘यकृतात चरबी, पहिली पायरी’ असं लिहिलेलं होतं. तेव्हाचं एसजीपीटी ३६, एसजीओटी ४१. लॅबच्या छापील कागदावर दोन्हींची वरची मर्यादा ४५ होती, सगळ्यांसाठी एकच. म्हणून ‘नॉर्मल’ म्हणून तेल-तूप कमी करायचा सल्ला देऊन परत पाठवलं. पण निरोगी बाईचं एसजीपीटी साधारण २५ च्या आत असतं, पुरुषाचं ३३ पर्यंत. ३६ हा आकडा तिच्यासाठी तेव्हाच वाढलेला होता, आणि एसजीओटी त्याच्याही वर होतं. तेव्हा फक्त बाटल्यांचा हिशेब विचारला असता तरी पुरे होतं.

दुसरी चूक पहिल्या भेटीतली. बाईच्या पिण्याबद्दल तिच्या नवऱ्याला विचारलं गेलं. त्यांचं ‘ही नाही’ हे उत्तर तिची अब्रू राखण्यासाठी होतं, हे त्यांनी नंतर कबूल केलं. त्या दवाखान्यात आता यकृताच्या प्रत्येक बाई-रुग्णाशी सिस्टर पाच मिनिटं एकांतात बोलतात, मगच नातेवाइकांना आत घेतात. कागदावर ‘मद्यपान: हो/नाही’ या रकान्याच्या जागी ‘कोणती बाटली, किती दिवसांत संपते, किती जणांत, खाऊन की रिकाम्या पोटी’ असे चार रकाने आले आहेत.

तिसरी गोष्ट यजमानांबद्दल. त्यांचे रिपोर्ट चांगले आले तेव्हा ‘तुम्ही सुरक्षित आहात’ असा अर्थ त्यांनी काढला आणि तो तिथल्या तिथे खोडायचा राहून गेला. १९० ग्रॅम २१० पासून फार लांब नाही, आणि ५२ व्या वर्षी पोट सुटायला लागलं की तीच दारू जास्त लागते. वर्षाच्या शेवटच्या भेटीत त्यांचं वजन ७९ किलो होतं, एसजीपीटी ४६. फायब्रोस्कॅनची तारीख यावेळी दोघांसाठी एकाच दिवशी घेतली.